पापडाची पोस्ट: गटाची गोष्ट आणि किमान ऑर्डर कशी लिहावी

आमच्या बचत गटाने पापड विकायला काढले तेव्हा पहिली पोस्ट मीच लिहिली होती. गटाची सचिव म्हणून मोबाईल माझ्याकडे, त्यामुळे लिहायचं कामही माझ्याकडेच आलं. ती पोस्ट अशी होती: "नमस्कार. आमच्या महिला बचत गटातर्फे उत्तम दर्जाचे, चविष्ट घरगुती पापड मिळतील. किमान ऑर्डर १० किलो. लवकर संपर्क करा."

फोन बरेच आले, पण ऑर्डर एकही आली नाही. पुण्याच्या एका ताईंनी सरळ विचारलं, "अहो, आम्ही घरात दोघंच. दहा किलो पापड ठेवू कुठे?" एका केटरिंगवाल्याने विचारलं की दहा किलो एकाच प्रकारचे घ्यायचे की सगळे मिळून. तिसऱ्याने विचारलं, किलोत किती बसतात? माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर तयार नव्हतं, कारण तो दहाचा आकडा मी एका व्यापाऱ्याच्या जाहिरातीत बघून लिहिला होता.

मग घाबरून आम्ही तो अर्ध्या किलोवर आणला. ऑर्डरी सुरू झाल्या आणि महिन्याच्या बैठकीत वही उघडली तर प्रत्येक पुडक्यामागे पैसे गेले होते. त्यानंतर आम्ही बसून हिशोब केला. तो हिशोब आणि त्यातून तयार झालेली पोस्ट, दोन्ही इथे सविस्तर देते. आमचे आकडे माण तालुक्यातल्या आमच्या गावाचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पण मांडायची रीत तीच राहील.

आधी घाणा मोजा

पोस्ट लिहायला बसण्याआधी एकदा वजनकाटा घेऊन पूर्ण घाणा मोजायचा. आम्ही उडदाच्या पापडाचं डांगर एका वेळी पाच किलो पिठाचं करतो. त्याहून कमी केलं तर पापडखार, मिरी, हिंग यांचं प्रमाण नीट साधत नाही आणि कुटायला दोन बायका लागायच्या त्या लागतातच. त्याहून जास्त केलं तर त्या दिवसात लाटून होत नाही. डांगर दुसऱ्या दिवसावर गेलं की कडक पडतं, लाटताना कडा चिरतात, असले पापड तळल्यावर नीट फुलतही नाहीत. म्हणून पाच किलो हा आमचा घाणा.

एक किलो पिठाला मीठ, पापडखार, मसाला धरून सुकल्यावर साधारण एक किलो शंभर ग्रॅम माल उतरतो. त्यातले तुटके, डागी बाजूला काढले की विकण्यासारखा किलोभर राहतो. आमचा पापड सुकल्यावर साधारण तेरा ग्रॅमचा असतो, म्हणजे किलोत पंच्याहत्तर ते ऐंशी. पाच किलोच्या घाण्याचे चारशेच्या आसपास पापड. चार जणी लाटायला बसल्या की प्रत्येकीच्या वाट्याला शंभर येतात आणि दुपारपर्यंत घाणा उरकतो. दिवसाला फार तर दोन घाणे होतात, कारण त्याहून जास्त पापड वाळत घालायला सावलीची जागा नाही.

यातले तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: एक घाणा किती किलोचा, किलोत किती पापड, दिवसाला जास्तीत जास्त किती किलो. पोस्टमधला प्रत्येक शब्द पुढे यावरच उभा राहतो.

मग पेटीचा हिशोब

किमान ऑर्डर कशाने ठरते हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मला वाटायचं, किलोमागे नफा आहे ना, मग किती का मागेनात. पण काही खर्च किलोवर नसतो, पेटीवर असतो. एक किलो पाठवा नाहीतर पाच किलो, खोकं एकच लागतं, चिकटपट्टी तेवढीच, आणि तालुक्याला दहिवडीला जाऊन यायची एसटी एकाच तिकिटाची.

आमचा त्या वेळचा हिशोब असा होता. किलोभर पापडाला पीठ १५० रुपये, मसाला-खार-तेल ५०, लाटणावळ ९०, पिशवी आणि लेबल १२, दळण-वाहतूक ८. एकूण ३१०. विक्री ३८० रुपयांनी, म्हणजे किलोमागे ७० रुपये सुटतात. पेटीचा खर्च मात्र खोकं-चिकटपट्टी ३० रुपये, एसटीचं येणं-जाणं ४० आणि जाणाऱ्या बाईचा अर्धा दिवस मोडतो त्याचे ७०, मिळून १४०. कुरियरचे पैसे गिऱ्हाईक देतं, ते यात धरलेले नाहीत.

आता १४० ला ७० ने भागा. दोन किलोला गट बरोबरीत येतो, त्याखाली प्रत्येक पेटी तोट्यात. अर्ध्या किलोच्या ऑर्डरीत ३५ रुपये सुटत होते आणि १४० खर्च होत होते. एका पुडक्यामागे १०५ रुपये आम्ही पदरचे घालत होतो, वर "ऑर्डरी वाढल्या" म्हणून खूश होतो.

सरळ उपाय तीन किलो किमान ठेवायचा होता. पण दोन माणसांच्या घराला तीन किलोही जास्तच. तेव्हा आमच्या आक्का म्हणाल्या, "रोज कशाला जायचं तालुक्याला? बाजाराच्या दिवशी जाऊ." त्यावरून वाट सापडली. आम्ही पाठवणीचे दोनच दिवस ठेवले, मंगळवार आणि शुक्रवार. एका फेरीत सरासरी पाच पेट्या जायला लागल्या, तर प्रवासाचे आणि मोडलेल्या वेळेचे ११० रुपये पाच जणांत वाटले गेले. पेटीमागे २२. त्यात खोक्याचे ३० धरले की ५२. आता दोन किलोच्या पेटीत १४० सुटतात, ५२ जातात, ८८ हातात राहतात.

एक किलोलाही यात १८ रुपये उरतात, मग किमान एक किलो का नाही ठेवली? कारण एखाद्या आठवड्यात फेरीला पाचऐवजी दोनच पेट्या निघतात. तेव्हा पेटीचा खर्च ८५ वर जातो आणि एक किलोवाली पेटी पुन्हा तोट्यात. दोन किलोची पेटी त्या आठवड्यातही ५५ रुपये देते. किमान ऑर्डर ठरवताना चांगला आठवडा धरू नका, मंदीचा धरा.

तीन गिऱ्हाइकं, तीन आकडे

एकच किमान आकडा सगळ्यांना लावला की कोणीतरी अडतंच. आमच्याकडे तीन तऱ्हेची माणसं येतात.

घरी खायला घेणारे. त्यांना दोन किलो, पण अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चार पिशव्यांत, हव्या त्या प्रकारांत. उडीद एक किलो, मूग अर्धा, लसूण अर्धा, असं चालतं. हे पोस्टमध्ये शब्दांत लिहावं लागतं. नुसतं "किमान २ किलो" लिहिलं तर निम्मे लोक प्रत्येक प्रकारचे दोन-दोन किलो समजतात आणि न विचारताच निघून जातात. ते का गेले हे आपल्याला कधीच कळत नाही.

दुसरे वेगळं काही करून मागणारे. तिखट कमी, लसूण नको, मुंजीसाठी छोटा पापड. त्यासाठी वेगळं डांगर कुटावं लागतं, म्हणजे पूर्ण घाणा, म्हणजे पाच किलो. एकदा आम्ही भिडेखातर एका ओळखीच्या वहिनींना दोन किलो बिनलसणाचे, बिनतिखटाचे करून दिले. उरलेले तीन किलो पावसाळ्यापर्यंत डब्यात पडून होते, शेवटी आम्हीच वाटून घेतले. तेव्हापासून मनासारखं हवं असेल तर पाच किलो आणि निम्मे पैसे आधी.

तिसरे दुकानदार आणि केटरिंगवाले. त्यांना दहा किलो, म्हणजे आमचा एका दिवसाचा माल, आणि दर ३५०. इथे किमान आकड्याइतकाच जास्तीत जास्त आकडाही लिहा. दिवसाला दहा किलो होत असतील तर पन्नास किलोला पाच दिवस लाटायला आणि वर दोन दिवस वाळवून भरायला लागणार. "कितीही ऑर्डर स्वीकारली जाईल" असं लिहून लग्नाच्या आदल्या दिवशी माल पोचला नाही, तर ते घर पुन्हा आपल्या दारी येत नाही. आम्ही लिहितो: ५० किलोपर्यंत आठ दिवस, त्याहून जास्त असेल तर आधी फोन करा.

गोष्ट काय सांगायची

आता गोष्टीकडे येते, कारण इथे गट सगळ्यात जास्त चुकतात. "स्त्रियांच्या सक्षमीकरणासाठी कटिबद्ध" असली वाक्यं प्रत्येक पोस्टमध्ये असतात आणि कोणीच वाचत नाही. लिज्जतची गोष्ट का आठवते? १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. किती जणी, कुठे, किती पैसे. इतकंच लोकांच्या लक्षात राहतं. तुमच्या गटाचेही असे आकडे असतात, फक्त कोणी विचारलेले नसतात.

आम्ही बैठकीत विचारले. पहाटे पहिल्यांदा कोण उठतं? डांगर कोण कुटतं? लाट्या कशाने पाडता? वाळवण कुठे घालता? पाऊस आला तर कोण धावतं? मी नुसतं लिहून घेत गेले. आक्का पाटावर बसून डांगराची तेल लावलेली लांब वळी करतात, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरतात, दुसरं हातात, आणि एका ओढीत लाटी पाडतात. काट्यावर ठेवा, दोन लाट्यांत एखाद-दुसऱ्या ग्रॅमचाच फरक निघतो. आम्हाला हे रोजचंच म्हणून त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. पण त्या दोऱ्याबद्दल लिहिलं आणि आक्कांच्या हाताचा फोटो टाकला, त्या दिवशी जितके फोन आले तितके आधीच्या महिनाभरात आले नव्हते.

आणि हीच गोष्ट किमान ऑर्डरीचं कारणही सांगते. "एका घाण्याला पाच किलो पीठ कुटतो, म्हणून खास मागणी पाच किलोपासून" असं लिहिलं की आकडा अट वाटत नाही, वाचणाऱ्याला तो पटतो. हे लिहायला लागल्यापासून "थोडं कमी नाही का चालणार" म्हणणारे फार थोडे उरले.

एक गोष्ट मात्र जपा. एका मैत्रिणीच्या घरची अडचण मी पोस्टमध्ये लिहिली होती, तिला विचारूनच. पण ती पोस्ट फिरत फिरत तिच्या पुण्यातल्या मुलाच्या ग्रुपवर गेली. मुलगा दोन दिवस आईशी बोलला नाही. तिने मला दोष दिला नाही, पण मी ती पोस्ट काढून टाकली. पोस्ट कुठवर जाईल हे आपल्या हातात नसतं. आता कर्ज, आजारपण, वैधव्य यातलं काही आम्ही लिहीत नाही. लिहायचं ते कामाबद्दल, आणि जिच्याबद्दल लिहिलं तिला पाठवण्याआधी वाचून दाखवायचं.

पूर्ण पोस्ट

व्हॉट्सॲपवर लांब मजकूर दुमडला जातो, पुढचं वाचायला दाबावं लागतं. म्हणून माल, दर आणि किमान ऑर्डर या तीन गोष्टी पहिल्या चार ओळींत आल्याच पाहिजेत, गोष्ट त्यानंतर. आधी मी उलटं करायचे. गोष्ट वाचून माणूस फोन करायचा आणि किमान आकडा ऐकून ठेवून द्यायचा. दोघांचाही वेळ वाया. आमची सध्याची पोस्ट अशी असते:

> *हाताने लाटलेले पापड: उडीद, मूग, लसूण*
> अर्धा किलोची पिशवी १९० रुपये.
> घरगुती ऑर्डर किमान २ किलो (४ पिशव्या, प्रकार हवे तसे मिसळा). कुरियर वेगळं.
> हा दर ३० एप्रिलपर्यंत.
>
> माण तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही दहा जणी. पहाटे पाचला डांगर कुटायला घेतो, आक्का दोऱ्याने लाट्या पाडतात, दुपारपर्यंत चारशे पापड होतात. वाळवण सावलीत, वर थोडं कोवळं ऊन.
>
> एका घाण्याला पाच किलो पीठ लागतं, म्हणून कमी तिखट, बिनलसूण किंवा छोटा पापड हवा असेल तर ५ किलोपासून.
> दुकान, केटरिंग: १० किलोपासून, ३५० रुपये किलो. ५० किलोपर्यंत आठ दिवस लागतात.
> खास आणि घाऊक ऑर्डरीला निम्मी रक्कम आधी.
>
> किलोत साधारण ७५ ते ८० पापड. वजन पक्कं, संख्या थोडी मागेपुढे.
> पाठवणी मंगळवारी आणि शुक्रवारी. आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा.
> (गटाचं नाव, गाव, गटाचा फोन नंबर)

यातली "वजन पक्कं, संख्या थोडी मागेपुढे" ही ओळ एका भांडणातून आली. आधी आम्ही "किलोत ८० पापड" असं ठाम लिहायचो. एका ताईंनी मोजले, बहात्तर निघाले. काट्यावर माल किलोला दहा ग्रॅम जास्तच होता, पण शब्द आम्ही संख्येचा दिला होता. आम्ही आठ पापडांचे पैसे परत केले.

दराची तारीखही अशीच आली. होळीच्या सुमाराची पोस्ट कोणीतरी दिवाळीत पुढे पाठवली आणि जुन्या दराने सात ऑर्डरी आल्या. मधल्या काळात उडीद डाळ महागली होती. तारीख नसलेली पोस्ट मागे घेता येत नाही.

फोटो तीन पुरतात: कच्चे पापड ढिगात, एक तळलेला आणि एक भाजलेला, आणि काम करणारे हात. तळलेल्या पापडाच्या शेजारी काहीतरी ओळखीचं ठेवा, वाटी किंवा ताटली, म्हणजे आकार कळतो. नेटवरचा फोटो लावू नका. पेटी उघडल्यावर गिऱ्हाईक तोच फोटो समोर धरतं.

जे लिहू नये ते

पापडात पापडखार असतो, तेव्हा "रसायनमुक्त" लिहिणं खोटं आहे. "रंग आणि कृत्रिम चव घातलेली नाही" हे खरं असेल तर तेवढंच लिहा. "शुगर असणाऱ्यांना उत्तम", "पचनाचे विकार बरे होतात" असे दावे तर अजिबात नकोत. पापडात मीठ आणि खार भरपूर असतो, आणि खाण्याच्या पदार्थावर आजार बरा करण्याचा दावा कायद्यातही बसत नाही.

एफएसएसएआयची नोंदणी झालेली असेल तर तिचा चौदा आकडी क्रमांक पोस्टमध्ये आणि पिशवीवर घाला. घाऊक गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. पिशवीच्या लेबलवर घटक जास्तीकडून कमीकडे, निव्वळ वजन, तयार केल्याची आणि कधीपर्यंत खावं ती तारीख, किंमत, पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण हवी. नोंदणी झालेली नसेल तर आधी ती करा, पोस्ट आठ दिवसांनी टाकली तरी चालते.

पोस्ट टाकल्यावर

फोन आला की मी आता पाच गोष्टी त्याच क्रमाने विचारते: कोणते प्रकार, किती पिशव्या, पिनकोड, कधीपर्यंत हवं, आणि घरी की कार्यक्रमाला. मग सगळं एका मेसेजमध्ये परत लिहून पाठवते: "उडीद २ पिशव्या, मूग २ पिशव्या, एकूण २ किलो, ७६० रुपये अधिक कुरियर, शुक्रवारी निघेल. बरोबर आहे ना?" समोरून "हो" आल्यावरच पिशव्या भरायच्या. तोंडी ऑर्डरीत "दोन" म्हणजे दोन किलो की दोन पिशव्या, यावरून आमचा बराच माल उलटा फिरला आहे.

कोणी दीड किलोच मागितलं तर नकार देऊ नका, सोबत शेजारणीची ऑर्डर जोडायला सांगा. एकच पत्ता असला की दोन घरांचे मिळून दोन किलो आम्ही धरतो. पुण्यात एका सोसायटीत अशा चार ताई मिळून आठ किलोची पेटी मागवतात, आणि ती आमची सगळ्यात सोयीची ऑर्डर आहे.

जून लागला की पोस्ट बदलायची. हवेत ओल आली की पापड वाळत नाही, वाळल्यासारखा दिसला तरी पिशवीत आठवड्याभरात पांढरी बुरशी धरतो. तो मोडून बघा: कट्कन मोडला तर वाळला, वाकून मग तुटला तर ओला. म्हणून मेअखेरपर्यंत डबाबंद साठा करतो आणि पावसाळ्यातली पोस्ट फक्त त्या साठ्याची असते. तिच्यात पाच किलोची खास मागणी आणि दहा किलोचा घाऊक दर या दोन्ही ओळी काढून टाकतो, घरगुती दोन किलो तेवढी ठेवतो, आणि सर्वात वर लिहितो: "उन्हाळ्यात केलेला माल, शिल्लक ४० किलो." दर मंगळवारी पेट्या गेल्या की तो ४० चा आकडा खाली आणतो.